सरासरी बंध एन्थाल्पीचे उत्तर तक्त्याशी का जुळत नाही? इथेनॉलच्या ज्वलनातील ३३६ किलोज्यूलचा हिशोब

एक मोल इथेनॉल ऑक्सिजनमध्ये पूर्णपणे जाळले तर किती उष्णता बाहेर पडते, हे कागदावर दोन मार्गांनी काढता येते. पहिल्या मार्गात रेणूंमधले बंध मोजायचे, जुने बंध तोडायला लागणारी ऊर्जा आणि नवे बंध जुळताना मिळणारी ऊर्जा यांची वजाबाकी करायची. त्यासाठी पाठ्यपुस्तकाच्या मागे दिलेला सरासरी बंध एन्थाल्पींचा छोटा तक्ता पुरतो. दुसऱ्या मार्गात प्रत्येक संयुगाची प्रमाण निर्मिती एन्थाल्पी तक्त्यातून घ्यायची आणि उत्पादितांच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करायची. पहिल्या मार्गाने उत्तर येते −१०३१ किलोज्यूल, दुसऱ्या मार्गाने −१३६७ किलोज्यूल. फरक ३३६ किलोज्यूलचा, म्हणजे खऱ्या उत्तराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याचा आहे.

या फरकाचे कारण विचारले की बहुतेक विद्यार्थी एकच वाक्य लिहितात: ‘बंध एन्थाल्पी या सरासरी किमती असतात.’ वाक्य खोटे नाही आणि त्याला गुणही मिळतात, पण त्या एका वाक्याखाली तीन अगदी वेगळी कारणे झाकली जातात. त्यांपैकी एकाचा सरासरीशी काहीच संबंध नाही, दुसरे कारण चुकीच्या ठिकाणची सरासरी वापरल्याचे आहे, आणि ज्याला खऱ्या अर्थाने सरासरीचा दोष म्हणता येईल तो फरक या उदाहरणात जेमतेम १० किलोज्यूलचा आहे. हे ३३६ किलोज्यूल शेवटच्या किलोज्यूलपर्यंत वेगळे करून दाखवता येतात, आणि तसे ते एकदा वेगळे केले की ही पद्धत कुठे भरवशाची आहे आणि कुठे नाही हे आपोआप कळू लागते.

आधी दोन्ही उत्तरे मांडून घेऊ

अभिक्रिया अशी आहे:

C₂H₅OH + 3O₂ → 2CO₂ + 3H₂O

इथेनॉलच्या एका रेणूत पाच C–H बंध, एक C–C, एक C–O आणि एक O–H बंध असतो. प्रचलित तक्त्यातल्या किमती (सर्व किलोज्यूल प्रति मोलमध्ये) C–H साठी ४१३, C–C साठी ३४७, C–O साठी ३५८ आणि O–H साठी ४६३ अशा आहेत. त्यांची बेरीज २०६५ + ३४७ + ३५८ + ४६३ = ३२३३ होते. ऑक्सिजनच्या तीन रेणूंसाठी ३ × ४९८ = १४९४ लागतात. म्हणजे बंध तोडण्याचा एकूण खर्च ४७२७ किलोज्यूल.

उत्पादितांकडे कार्बन डायऑक्साइडच्या दोन रेणूंमध्ये मिळून चार C=O बंध आहेत आणि पाण्याच्या तीन रेणूंमध्ये सहा O–H बंध. C=O साठी तक्त्यात ७४५ हा आकडा दिसतो, म्हणून ४ × ७४५ = २९८०, आणि ६ × ४६३ = २७७८; एकूण जमा ५७५८. खर्चातून जमा वजा केली की ४७२७ − ५७५८ = −१०३१ किलोज्यूल. ऋण चिन्ह सांगते की अभिक्रिया उष्मादायी आहे, आणि तेवढ्यापुरते उत्तर बरोबर आहे.

निर्मिती एन्थाल्पीच्या मार्गाने काम आणखी सोपे आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी −३९३.५, द्रवरूप पाण्यासाठी −२८५.८ आणि द्रवरूप इथेनॉलसाठी −२७७.६ या किमती घेतल्या, तर दोन CO₂ चे −७८७.० आणि तीन H₂O चे −८५७.४ यांच्या बेरजेतून −२७७.६ वजा करायचे. उत्तर −१३६६.८ किलोज्यूल. इथेनॉल बाँब कॅलरीमीटरमध्ये प्रत्यक्ष जाळून केलेल्या मोजमापांमागची किंमत हीच असल्यामुळे दोन उत्तरांपैकी खरे कोणते, याबद्दल वाद नाही.

दोन्ही मार्गांमागे नियम एकच

जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडलेला नियम सांगतो की अभिक्रियेची एन्थाल्पी फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या अवस्थेवर अवलंबून असते, मधल्या वाटेवर नाही. दोन्ही पद्धती याच नियमावर उभ्या आहेत. फरक असलाच तर तो एवढाच की मधला थांबा वेगळा आहे. निर्मिती एन्थाल्पीच्या हिशोबात आपण अभिक्रियाकारक मनातल्या मनात सुटे करून मूलद्रव्यांच्या नेहमीच्या रूपांपर्यंत, म्हणजे ग्रॅफाइट, हायड्रोजन वायू आणि ऑक्सिजन वायू यांच्यापर्यंत जातो. बंध एन्थाल्पीच्या हिशोबात आपण आणखी पुढे जाऊन प्रत्येक अणू वायुरूपात एकटा होईपर्यंत सगळे तोडतो. एखाद्या इमारतीच्या दोन मजल्यांमधले अंतर रस्त्यापासून मोजा किंवा समुद्रसपाटीपासून मोजा, ते तेवढेच भरते. तसेच इथेही व्हायला हवे.

या दोन पातळ्यांमधले अंतर नेमके माहीत आहे. ग्रॅफाइटपासून एक मोल सुटे कार्बन अणू मिळवायला ७१६.७ किलोज्यूल लागतात, हायड्रोजन वायूपासून एक मोल हायड्रोजन अणू मिळवायला २१८.०, आणि ऑक्सिजन वायूपासून एक मोल ऑक्सिजन अणू मिळवायला २४९.२. (O=O ची ४९८ ही किंमत या शेवटच्या आकड्याची दुप्पट आहे.) या तीन आकड्यांच्या मदतीने कुठल्याही वायुरूप संयुगाची निर्मिती एन्थाल्पी त्याच्या पूर्ण विघटनाच्या, म्हणजे रेणूचे सगळे अणू सुटे करण्याच्या एन्थाल्पीत बदलता येते. पुढच्या सगळ्या तपासणीचे साधन हेच आहे, म्हणून ते एकदा नीट पाहून ठेवू. पाण्याच्या वाफेची निर्मिती एन्थाल्पी −२४१.८ आहे. तिचे अणू सुटे करायला २ × २१८.० + २४९.२ + २४१.८ = ९२७.० किलोज्यूल लागतात. पाण्यात दोन O–H बंध आहेत, म्हणून प्रत्येकी ४६३.५. तक्त्यातला ४६३ हा आकडा असा कुठून तरी मोजमापातूनच आलेला असतो.

तेव्हा नियम तोच, आणि पातळीतला फरकही अचूक माहीत. मग विसंगती शिरते ती एकाच जागी: रेणूचे खरे विघटन वापरण्याऐवजी आपण ते बंधांच्या ठरावीक किमतींची बेरीज करून ‘अंदाजतो’.

तक्त्यातला आकडा नेमका काय सांगतो

मिथेनचे उदाहरण घेऊ. त्याचे चारही C–H बंध अगदी सारखे आहेत, तरी ते एकापाठोपाठ एक तोडताना लागणारी ऊर्जा सारखी नसते. पहिला हायड्रोजन काढायला सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात, दुसरा काढायला ४६२, तिसरा काढायला ४२४ आणि उरलेल्या CH मधून शेवटचा काढायला ३३८. दरवेळी मागे राहणारा तुकडा आपली रचना बदलतो, म्हणून पुढच्या बंधाचा खर्चही बदलतो. चारही मिळून १६६३ होतात आणि चाराने भागले की साधारण ४१६. पाण्यातही हेच दिसते: पहिला O–H बंध ४९७ मागतो, दुसरा ४३०, आणि सरासरी ४६३.५ ही त्या दोन्हींपैकी एकाही पायरीची खरी किंमत नाही.

ही झाली एकाच रेणूतली सरासरी. तक्ता त्यावर आणखी एक सरासरी काढतो, ती वेगवेगळ्या रेणूंमधली. मिथेनमधला C–H ४१६ येतो, पण तक्त्यात ४१३ आहे, कारण तो अनेक सेंद्रिय संयुगांना मिळून बऱ्यापैकी लागू पडावा अशी अपेक्षा असते.

C–C बंधाची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. इथेनच्या निर्मिती एन्थाल्पीवरून (−८४.०) त्याचे पूर्ण विघटन २८२५.४ किलोज्यूल येते. त्यातून सहा C–H बंधांचे ६ × ४१३ = २४७८ वजा केले तर C–C साठी ३४७.४ उरतात, म्हणजे तक्त्यातलाच आकडा. पण C–H साठी मिथेनमधली ४१५.८ ही किंमत वापरली असती, तर C–C साठी ३३१ च उरले असते. आणि प्रत्यक्षात इथेनचा रेणू मधून तोडून दोन मिथिल तुकडे करायला लागतात सुमारे ३७७ किलोज्यूल. तीन वेगळे आकडे, आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर. रेणूच्या विघटनाची एकूण रक्कम मोजमापातून येते. ती रक्कम C–H च्या खात्यात किती आणि C–C च्या खात्यात किती टाकायची, हा मात्र बराचसा मांडणीचा प्रश्न आहे. यातून एक व्यावहारिक नियम निघतो, ज्याकडे माझ्या मते फार कमी लक्ष दिले जाते: एका पुस्तकातला C–H आणि दुसऱ्या पुस्तकातला C–C एकत्र वापरू नये. C–O साठी ३५१, ३५८ आणि ३६० असे तीनही आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत छापलेले आढळतात. प्रत्येक तक्ता स्वतःच्या आत मेळ राखून असतो, दुसऱ्याशी त्याचा मेळ बसेलच असे नाही.

पहिला हिस्सा: ९० किलोज्यूल, आणि त्यांचा बंधांशी संबंध नाही

बंध एन्थाल्पीची व्याख्याच वायुरूप रेणू आणि वायुरूप अणू यांच्यासाठी आहे. म्हणजे आपण −१०३१ हे उत्तर काढले तेव्हा नकळत असे गृहीत धरले की इथेनॉलची वाफ जळते आणि पाण्याचीही वाफच तयार होते. निर्मिती एन्थाल्पीच्या हिशोबात मात्र आपण इथेनॉल द्रवरूप घेतले आणि पाणीही द्रवरूप घेतले. दोन्ही उत्तरे मुळात दोन वेगळ्या अभिक्रियांची आहेत.

हा फरक सरळ मोजता येतो. २५ अंश सेल्सिअसला एक मोल द्रव इथेनॉलची वाफ करायला ४२.३ किलोज्यूल लागतात, आणि पाण्याची वाफ द्रवरूप होताना दर मोलमागे ४४.० किलोज्यूल परत मिळतात. तीन मोल पाण्याचे १३२.० होतात. त्यातून इथेनॉलचे ४२.३ वजा केले की ८९.७ किलोज्यूल उरतात. म्हणजे सगळे काही वायुरूप धरले तर तक्त्यातून येणारे उत्तर −१३६६.८ ऐवजी −१२७७.१ होते. बंध एन्थाल्पीच्या उत्तराची तुलना करायची तर ती या आकड्याशी.

द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात. पाणी आणि इथेनॉल यांच्यात तर हायड्रोजन बंध असल्यामुळे ही पकड चांगलीच घट्ट असते. बंध एन्थाल्पीच्या तक्त्यात या पकडीसाठी रकानाच नाही. तो असू नये यातही काही चूक नाही. फक्त अवस्था पाहिल्याशिवाय दोन उत्तरे शेजारी ठेवू नयेत. जाळल्या जाणाऱ्या इथेनॉलबद्दल बोलताना तर हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण इंजिनातून पाणी वाफेच्या रूपात धुराड्याबाहेर जाते. इंधन द्रवरूप आणि पाणी वाफरूप असा हिशोब केला तर एक मोलमागे १२३४.८ किलोज्यूलच हाती येतात. −१३६७, −१२७७ आणि −१२३५ असे तीन आकडे तुम्हाला तीन ठिकाणी दिसले, तर कोणी चूक केली असे मानण्याआधी रासायनिक समीकरणात (l) आणि (g) कुठे लिहिले आहे ते पाहा.

दुसरा हिस्सा: २३६ किलोज्यूल, एकाच बंधामुळे

आता −१०३१ आणि −१२७७ यांच्यात २४६ किलोज्यूल उरले. त्यातला जवळजवळ सगळा भाग C=O या एका रकान्यात आहे.

तक्त्यातला ७४५ हा आकडा कीटोन आणि त्यांच्यासारख्या कार्बोनिल संयुगांसाठीचा आहे. अॅसिटोनच्या निर्मिती एन्थाल्पीवरून (−२१७.१) त्याचे विघटन काढून त्यातून C–H आणि C–C यांचे तक्त्यातले वाटे वजा केले, तर C=O साठी सुमारे ७५२ उरतात; म्हणजे ७४५ तिथे चांगला लागू पडतो. हीच वजाबाकी फॉर्माल्डिहाइडसाठी केली तर सुमारे ६८५ येतात. कार्बन डायऑक्साइडसाठी काहीच वजा करावे लागत नाही, कारण त्यात दुसरे बंध नाहीतच: ७१६.७ + २ × २४९.२ + ३९३.५ = १६०८.६, आणि दोनाने भागले की ८०४.३. एकाच नावाच्या बंधाची किंमत ६८५ पासून ८०४ पर्यंत सरकते आहे. C–H बंध असा वागत नाही. म्हणून ‘सरासरी’ हा शब्द दोन्हींना सारखाच लावला तरी त्यावर ठेवायचा भरवसा सारखा नसतो.

कार्बन डायऑक्साइडमध्ये हा बंध इतका बळकट का? कागदावर आपण O=C=O असे दोन स्वतंत्र दुहेरी बंध काढतो, पण प्रत्यक्षात त्यांतले इलेक्ट्रॉन एकेका बंधापुरते मर्यादित न राहता तिन्ही अणूंवर पसरलेले असतात आणि त्यामुळे रेणू अधिक स्थिर होतो. याचा पुरावा बंधाच्या लांबीतही दिसतो: फॉर्माल्डिहाइडमधला C=O बंध सुमारे १२१ पिकोमीटर लांब आहे, कार्बन डायऑक्साइडमधला सुमारे ११६. इथेही सरासरीचा आतला चेहरा पाहण्यासारखा आहे. कार्बन डायऑक्साइडमधून पहिला ऑक्सिजन अणू काढायला ५३२ किलोज्यूलच लागतात, पण उरलेला कार्बन मोनॉक्साइड तोडायला तब्बल १०७६. दोन्हींची सरासरी ८०४. पण कार्बन डायऑक्साइड पूर्ण मोडला किंवा पूर्ण जुळवला, तर लागते ती या दोन पायऱ्यांची बेरीज, आणि ती १६०८ इतकी ठरलेली आहे. म्हणून संपूर्ण रेणूसाठी ८०४ वापरणे अगदी अचूक आहे आणि एका पायरीसाठी वापरणे साफ चूक.

७४५ च्या जागी ८०४ ठेवले की चार बंधांमागे ४ × ५९ = २३६ किलोज्यूलची भर पडते. जमा होणारी ऊर्जा ५९९४ होते आणि उत्तर −१२६७. पुष्कळ चांगल्या तक्त्यांत म्हणूनच C=O शेजारी ‘CO₂ मध्ये’ असे लिहून वेगळी किंमत दिलेली असते; तिथे ८०५ किंवा ७९९ असाही आकडा दिसेल. ज्वलनाच्या कुठल्याही गणितात ही तळटीप पाहिलीच पाहिजे, कारण प्रत्येक कार्बन अणूमागे असे दोन बंध तयार होतात आणि इंधनाचा रेणू जितका मोठा तितकी चूक वाढत जाते.

तिसरा हिस्सा: १० किलोज्यूल

आता आपले उत्तर −१२६७ आणि वायुरूप तक्त्याचे उत्तर −१२७७.१. हा उरलेला १०.१ किलोज्यूलचा फरक म्हणजे खरोखरीची सरासरीची चूक, आणि तीही पदार्थागणिक वाटून दाखवता येते.

इथेनॉलच्या वाफेचे खरे विघटन २ × ७१६.७ + ६ × २१८.० + २४९.२ + २३५.३ = ३२२५.९ किलोज्यूल आहे. आपण बंध मोजून ३२३३ धरले होते, म्हणजे ७.१ ने जास्त. ऑक्सिजनसाठी १४९५.२ लागायला हवेत, आपण १४९४ धरले, म्हणजे १.२ ने कमी. तोडण्याच्या बाजूला एकूण ५.९ ने जास्त खर्च दाखवला गेला. जुळण्याच्या बाजूला पाण्याचे खरे २७८१.० आहेत आणि आपण २७७८ धरले. कार्बन डायऑक्साइडचे ३२१७.२ आहेत आणि आपण ३२१६ धरले; मिळून ४.२ ने कमी जमा. ५.९ आणि ४.२ यांची बेरीज १०.१. आणि सगळा हिशोब: ८९.७ + २३६ + १०.१ = ३३५.८, म्हणजे आपण सुरुवातीला पाहिलेला फरक.

यातला एकही भाग गूढ नाही. इथेनॉलमध्ये C–H, C–C, C–O आणि O–H या चारही बंधांना तक्ता नेहमीच्याच शेजाऱ्यांमध्ये पाहतो, म्हणून साडेबत्तीसशे किलोज्यूलच्या आसपासच्या रकमेत फक्त ७ किलोज्यूल चुकतात. ही पद्धत किती चांगली असू शकते, याचा हा पुरावा आहे.

दहा किलोज्यूल केव्हा क्षुल्लक नसतात

बंध एन्थाल्पीच्या पद्धतीत उत्तर दोन मोठ्या रकमांच्या वजाबाकीतून येते. ज्वलनात ही वजाबाकी हजार-बाराशेच्या घरात राहते, म्हणून १० किलोज्यूलची चूक एका टक्क्याहून कमी ठरते. पण इथिलीन आणि पाण्याची वाफ यांपासून इथेनॉल तयार करण्याची अभिक्रिया घ्या, जी उद्योगात प्रत्यक्ष वापरली जाते. इथे एक C=C (६१४) आणि एक O–H (४६३) तुटतो; एक C–C (३४७), एक C–H (४१३) आणि एक C–O (३५८) जुळतो. १०७७ − १११८ = −४१ किलोज्यूल. निर्मिती एन्थाल्पीवरून उत्तर साधारण −४६ येते. चूक फक्त ५ किलोज्यूलची आहे, पण ती उत्तराच्या ११ टक्के झाली; आणि C–O साठी ३५८ ऐवजी ३५१ छापलेला आकडा उचलला असता तर उत्तर −३४ वर घसरले असते. उत्तर लहान असेल तेव्हा त्याच्या शेवटच्या अंकांवर विश्वास ठेवण्याला काही आधार उरत नाही, आणि ते शून्याच्या अगदी जवळ असेल तर चिन्हावरसुद्धा.

याच रांगेत पुढची पायरी म्हणजे बंधांची मोजणी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी असणे. ब्युटेन आणि आयसोब्युटेन हे समघटक, ज्यांतला ब्युटेन आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्येही असतो, यांच्यात प्रत्येकी तीन C–C आणि दहा C–H बंध आहेत. एकाचे दुसऱ्यात रूपांतर झाले तर बंध एन्थाल्पीचे उत्तर नेमके शून्य येते. निर्मिती एन्थाल्पीचे तक्ते मात्र सांगतात की आयसोब्युटेन सुमारे ८ किलोज्यूलने अधिक स्थिर आहे. तिथे बंध एन्थाल्पीच्या तक्त्याला चूक म्हणता येत नाही. बंध कोणत्या अणूंमध्ये आहे एवढेच तो विचारतो, साखळी कुठे फुटते हे विचारतच नाही.

काही रेणूंमध्ये मात्र फरक मोठा असतो आणि तो काहीतरी शिकवून जातो. बेंझीनसाठी एकाआड एक अशा तीन दुहेरी आणि तीन एकेरी बंधांचे चित्र धरून बेरीज केली तर विघटनाला ५३६१ किलोज्यूल लागावेत असे दिसते. निर्मिती एन्थाल्पीवरून खरी किंमत सुमारे ५५२५ येते. रेणू अपेक्षेपेक्षा १६४ किलोज्यूलने अधिक पक्का आहे, कारण ते तीन दुहेरी बंध ठरावीक जागी बसलेले नसून इलेक्ट्रॉन पूर्ण कड्यावर पसरलेले आहेत. सायक्लोप्रोपेनमध्ये याच्या अगदी उलट घडते. बंधांची बेरीज ३५१९ येते आणि खरे विघटन सुमारे ३४०५ च भरते, म्हणजे रेणू ११४ किलोज्यूलने कच्चा आहे. तीन कार्बनचे कडे बांधण्यासाठी बंध ६० अंशांच्या कोनात वाकवावे लागले, त्या ताणाची ही किंमत. अशा ठिकाणी फरकाला नुसती त्रुटी म्हणून सोडून दिले तर मोठे नुकसान होते. फरकाचे चिन्ह पाहिले तर रेणूत पसरलेले इलेक्ट्रॉन आहेत की ताण आहे, हे कळते.

उत्तर तपासायचे कसे

मी स्वतः एखादे असे गणित पाहताना आधी अवस्था पाहतो आणि निर्मिती एन्थाल्पीचे उत्तर वायुरूपात आणून घेतो. मग C=O, N–O किंवा कड्यातले बंध यांसारखे जे बंध शेजाऱ्यांप्रमाणे खूप बदलतात त्यांच्याकडे जातो, आणि तो पदार्थ लहान असेल तर सरासरी वापरण्याऐवजी त्याच्या निर्मिती एन्थाल्पीवरून त्याचे विघटन सरळ काढतो. कार्बन डायऑक्साइड, पाणी, अमोनिया, मिथेन यांच्यासाठी तर सरासरी वापरण्याची गरजच नसते, कारण त्यांची अचूक किंमत दोन ओळींत मिळते. एवढे करूनही फरक काही दहा किलोज्यूलच्या पलीकडे राहिला, तर बंध मोजण्यात चूक झाली असावी किंवा रेणूचे चित्र खऱ्या रेणूशी जुळत नसावे. O₂ चा गुणक विसरणे आणि पाण्यात एकच O–H धरणे या दोन चुका सर्वाधिक आढळतात, आणि दोन्ही शेकड्यांत फरक पाडतात.

एक धोका विशेष सांगावासा वाटतो. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवून इथेनॉलची ज्वलन उष्णता मोजण्याचा प्रयोग महाविद्यालयांत केला जातो. त्यात बरीच उष्णता हवेत निसटते, म्हणून मिळणारा आकडा १३६७ पेक्षा पुष्कळ कमी असतो. तो योगायोगाने हजाराच्या आसपास आला आणि शेजारी ७४५ वापरून काढलेले −१०३१ असले, तर दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात असे वाटते. एक आकडा उष्णता निसटल्यामुळे कमी, दुसरा C=O ची किंमत चुकीची घेतल्यामुळे आणि अवस्था न पाहिल्यामुळे कमी; त्यांचे जुळणे काहीच सिद्ध करत नाही.

मग सरासरी बंध एन्थाल्पी वापरायची कधी? ज्या संयुगाची निर्मिती एन्थाल्पी कोणी मोजलेलीच नाही, किंवा जो तुकडा इतका अल्पजीवी आहे की तो बाटलीत भरून जाळता येत नाही, तिथे. तिथेही सुधारणा करता येते. सिडनी बेन्सन आणि जेरी बस यांनी १९५८ मध्ये दाखवले की एकेका बंधाला किंमत देण्याऐवजी एकेका अणूला त्याच्या जवळच्या शेजाऱ्यांसह, म्हणजे गटाला, किंमत दिली तर अंदाज बराच सुधारतो. ब्युटेनमध्ये दोन CH₃ गट आणि दोन CH₂ गट आहेत, आयसोब्युटेनमध्ये तीन CH₃ आणि एक CH. गटांची यादीच वेगळी असल्यामुळे दोघांची उत्तरे आपोआप वेगळी येतात, आणि आपण वर पाहिलेले ते ८ किलोज्यूल हिशोबात उतरतात. कड्याच्या ताणासाठी मात्र त्या पद्धतीतही वेगळी दुरुस्ती जोडावीच लागते, कारण कडे बंद झाल्याची खूण एकाही गटाच्या शेजारात दिसत नाही.